लॅबचा माल, स्लॅबचा माल

डिप्लोमा झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती वडवणीपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात, अंगणवाडीच्या बांधकामावर. बांधकाम म्हणजे एक खोली, पुढं व्हरांडा आणि वर स्लॅब. एवढ्याशा कामाला स्वतंत्र इंजिनिअर कशाला, हा प्रश्न पहिल्या दिवशी मलाही पडला होता. त्याचं उत्तर साइटवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये मिळालं. कामाच्या अटींमध्ये 'गुणवत्तेसाठी एक अभियंता' असं लिहिलेलं होतं. आमच्या मालकांनी अट पाळायची म्हणून मला पाळलं होतं.

मालक म्हणजे ठेकेदार. तालुक्यात ते पुढारी म्हणून जास्त ओळखले जायचे, ठेकेदार म्हणून कमी. वर्षभरात त्यांचे इतके फ्लेक्स लागत की नवा माणूस गावात आला तर त्याला आधी मालकांचा चेहरा पाठ व्हायचा आणि मग रस्ता. काम मात्र खरं चालायचं मिस्त्रीच्या जिवावर. मिस्त्री पन्नाशीचे, सडपातळ, गळ्यात कायम रुमाल. ओळंब्याची दोरी सोडली की भिंतीनं सरळच उभं राहायचं, वाकायची तिची हिंमत नव्हती. ते मला 'ताई' म्हणायचे आणि मी त्यांना 'मिस्त्री'. माझ्या वयापेक्षा जास्त अनुभव त्यांच्या हातात होता, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

एप्रिल महिना. स्लॅबच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बाजूला घेतलं.

"ताई, उद्या ठोकळे भरायचे हायेत. त्याचं टेन्शन घेऊ नका. त्याचा माल मी येगळा बनवतो."

ठोकळे म्हणजे क्यूब. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं घेऊन पंधरा सेंटिमीटरच्या चौकोनी लोखंडी साच्यांत भरतात. दुसऱ्या दिवशी साचा उघडून तो ठोकळा पाण्यात बुडवून ठेवतात. मग तो लॅबच्या यंत्रात घालून, किती ओझ्यानं फुटतो ते पाहतात. आमच्या अंगणवाडीचं काँक्रीट पंचवीसचं होतं. म्हणजे अठ्ठावीस दिवसांनी त्यानं दर चौरस मिलिमीटरला पंचवीस न्यूटन सोसायला हवेत. पुस्तकी वाटतं, पण त्या एका ठोकळ्याच्या हिशोबानं हे ओझं सत्तावन्न टनांच्या आसपास जातं. उसानं गच्च भरलेल्या तीन ट्रका एकावर एक ठेवल्यासारखं. एवढ्याशा स्लॅबला एकच नमुना पुरतो. त्यातले तीन ठोकळे अठ्ठावीस दिवसांनी फोडायचे. अंदाज लवकर यावा म्हणून आणखी तीन सात दिवसांनी.

या सगळ्याचा अर्थ एवढाच की स्लॅब फोडून बघता येत नाही, म्हणून त्याच्या जागी ठोकळा फोडायचा. त्यासाठी ठोकळ्यात स्लॅबमधलाच माल हवा. वेगळा माल भरला तर आपण नुसता ठोकळाच तपासला, स्लॅब नाही. हे मी मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी ते फार शांतपणे ऐकून घेतलं, जसं लग्नात भटजींचं ऐकतात.

मग त्यांनी त्यांचं कारण सांगितलं. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका ठेकेदाराकडं असताना त्यांच्या स्लॅबचे ठोकळे कमी भरले होते. स्लॅब चांगला होता, पण ठोकळे कुणी तरी उन्हात टाकून दिले होते. सगळा ठपका मिस्त्रींवर आला. तेव्हापासून त्यांनी ठरवलं की स्लॅब स्लॅबसारखा करायचा आणि ठोकळे लॅबसाठी करायचे. सिमेंट दुप्पट, खडी बारीक चाळलेली, वाळू धुतलेली. त्यांच्या ठोकळ्यांनी पुढं कधी मान खाली घालू दिली नाही. पंचवीसच्या जागी चाळीस यायचे. चाळीस आलेत म्हणून कुठल्याही साहेबानं कधी शंका घेतली नाही. शंका फक्त कमी आल्यावर घ्यायची असते, असा आमच्याकडं रिवाज आहे.

स्लॅबचा दिवस उजाडला. मिक्सर सकाळी सुरू झाला. मिस्त्रींनी स्लॅबवर जे काम केलं ते मी आजही कुणाला उदाहरण म्हणून सांगते. मिक्सरच्या प्रत्येक घाणीला, म्हणजे एका वेळच्या मालाला, पाणी मोजून. मजुरानं एक मग जास्त ओतला तर ओरडा. व्हायब्रेटर कुठं किती वेळ धरायचा, सळईखाली माल गेला का, सगळं स्वतः वाकून बघायचे. हा माणूस लबाड नव्हता. त्याची लबाडी फक्त सहा ठोकळ्यांपुरती होती, आणि तीही इज्जतीसाठी.

ठोकळ्यांचा माल त्यांनी सावलीत पाटीत वेगळा कालवला. पाणी इतकं कमी घातलं की माल भिजलेल्या मुरमासारखा मोकळा दिसत होता. पाणी कमी तेवढी ताकद जास्त, हे त्यांना पक्कं माहीत होतं. ते खरंही आहे, पण माल साच्यात दाबून बसला तरच. साच्यात माल तीन थरांत भरायचा आणि प्रत्येक थराला लोखंडी सळईचे पस्तीस ठोके द्यायचे, म्हणजे आतली हवा निघते. मिस्त्री सुरुवात करतायत तोवर मालकांची गाडी आली. बरोबर दहा-बारा माणसं, नारळ, हार आणि फोटोवाला. ठोकळे भरतानाचा फोटो सरकारी अॅपवर टाकायचा असतो, त्यावर जागा आणि वेळ उमटते. मालकांनी फोटोवाल्याला घाई केली. मिस्त्रींनी सहाही साचे एकदमच काठोकाठ भरले, वरून चार-पाच ठोके मारले आणि थापीनं तोंड गुळगुळीत केलं. मालक साच्यामागं उभे राहिले, हात ठोकळ्यावर ठेवला. फोटो छान आला. तो नंतर फ्लेक्सवरही होता.

मी त्या गर्दीत काही बोलले नाही. मला तेवढं धाडस नव्हतं. पण दुपारच्या आधी, पाहुणे चहाला वळल्यावर, मी माझे सहा साचे काढले. ते मी कॉलेजच्या एका सरांकडून सरावासाठी म्हणून मागून आणले होते. मिक्सरची घाणी ओतली जात असताना मधला माल घमेल्यात घेतला. साच्यांना आतून तेल लावलं. तीन थर आणि प्रत्येक थराला पस्तीस ठोके. मोजताना मी ओठ हलवत होते हे बघून एक मजूर हसला. मी मोबाइलवर फोटो काढत गेले, जागा आणि वेळेसकट. का, ते तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं. कदाचित कुणी विचारलं तर दाखवायला. कुणी विचारणार नाही याची मला बऱ्यापैकी खात्री होती.

मिस्त्रींनी ते पाहिलं. "हे कावून?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, सरावासाठी. ते म्हणाले, करा बापा सराव, शिकायचं वय हाय.

दुसऱ्या दिवशी साचे उघडले. माझे ठोकळे साधे निघाले, राखाडी, एका कोपऱ्यावर बारीक टवका. मिस्त्रींच्या ठोकळ्यांच्या बाजूंना मात्र भोकं होती, मधाच्या पोळ्यासारखी. मिस्त्रींनी क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग नुसत्या सिमेंटचा लगदा कालवला आणि एकेका ठोकळ्याला सगळ्या अंगांनी हात फिरवून चोपडला. अर्ध्या तासात सहाही ठोकळे आरशासारखे झाले. लग्नाच्या मुलीला पार्लरमध्ये नेऊन आणावं तसे.

"आता बघा," मिस्त्री म्हणाले.

खरंच बघण्यासारखे दिसत होते.

पुढचा घोळ पाण्याचा झाला. ठोकळे बुडवायला जे पिंप ठेवलं होतं त्यातलं पाणी आदल्या दिवशी पाहुण्यांच्या हातपाय धुण्यात संपलं होतं. टँकरचं पाणी येई ते सगळं स्लॅबवर जाई. मिस्त्रींनी स्लॅबवर वाळूचे छोटे बांध घालून तळं केलं होतं आणि दिवसातून तीनदा ते तळं भरून घ्यायचे. ठोकळ्यांवर एक ओलं पोतं टाकून त्यांनी ते पत्र्याच्या शेडमध्ये, मालकांच्या फोटोखाली ठेवले. एप्रिलमध्ये त्या शेडमध्ये पोतं दुपारपर्यंत पापडासारखं व्हायचं. सिमेंटला पाणी हवं असतं, दिवसेंदिवस हवं असतं. त्या पाण्यानंच ते हळूहळू घट्ट होत जातं, म्हणून तर सात दिवस आणि अठ्ठावीस दिवस अशा दोन पायऱ्या आहेत. हे मी एकदा सांगितलं. मिस्त्री म्हणाले की त्यात सिमेंट इतकं हाय की त्याला पाण्याची गरज न्हाई.

माझ्या ठोकळ्यांना पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न होताच. माझं गाव तिथून सहा-सात किलोमीटरवर. आमच्या घरी शेती थोडी आणि मेंढरं बरीच. मी वडिलांना फोन केला. ते मोटारसायकल घेऊन आले, ठोकळे दोन पोत्यांत भरले, एकेक ठोकळा आठ किलोचा, म्हणून दोन फेऱ्या कराव्या लागल्या. काय आहे हे त्यांनी विचारलं नाही. लेकीच्या नोकरीतलं काही तरी असेल आणि तिनं मागितलं म्हणजे द्यायचं, एवढं त्यांना पुरलं. घरी त्यांनी ते मेंढरांच्या हौदात बुडवले.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. मेंढरं हौदातलं पाणी पिईनात. तोंड लावून मागं सरतात. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, ते मेंढरांना लगेच कळलं. वडिलांनी मेंढरांसाठी जुनी दगडी डोणी काढली आणि हौद ठोकळ्यांना सोडला. आमच्या घरात कुठल्या सरकारी कामाला एवढा मान आजवर मिळाला नव्हता.

सातव्या दिवशी मी आणि मिस्त्री मालकांच्या जीपमधून बीडला निघालो. मागं सहा ठोकळे होते, तीन त्यांचे, तीन माझे. माझेही फोडून बघू, असं मी म्हणाले तेव्हा त्यांनी हरकत घेतली नाही. उलट म्हणाले की तुमच्या सरावाचेही बघू, तुमाला समजंल फरक.

लॅबमधला माणूस चाळीशीचा होता, डोळ्यांवर चष्मा, बोलणं मोजकं. त्यानं आधी मिस्त्रींचा ठोकळा उचलून हातात फिरवला आणि यंत्रात आडवा ठेवला. थापी फिरवलेलं तोंड वर ठेवत नाहीत, साच्याला चिकटलेल्या सपाट बाजूंवर दाब देतात. आकडा सावकाश चढू लागला. पंचवीसच्या काँक्रीटला सात दिवसांत सोळा-साडेसोळा, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश ताकद यावी असा अंदाज असतो. आकडा नऊपाशी घुटमळला, आणि एक फुसका आवाज आला. वरचा आरसा पापुद्र्यासारखा निखळून खाली पडला. आत ठोकळा पोकळ होता. खडी आणि खडीच्या मधे हवा.

दुसरा ठोकळाही तसाच. तिसराही. नऊच्या आसपास सगळे.

 मिस्त्रींनी गळ्यातला रुमाल काढून घाम पुसला आणि परत गळ्यात घातला. मग माझे आले. पहिला पंधरावर, दुसरा पंधराच्या थोडा वर, तिसरा साडेपंधराला फुटला. चारही बाजू सारख्या तुटल्या, मधे डमरूसारखा भाग राहिला, तसं फुटणं नीट मानतात. पण पंधरा हे सोळापेक्षा कमीच. मी लॅबमधल्या माणसाला विचारलं.

तो म्हणाला, "सिमेंट राख मिसळलेलं आहे ना? परळीच्या वीज केंद्राची राख असते त्यात. ते सुरुवातीला सावकाश चढतं. सात दिवसांवर घाबरू नका, अठ्ठावीसला बघा."

मग त्यानं मिस्त्रींच्या फुटलेल्या ठोकळ्याकडं बोट दाखवून विचारलं, की हे कुठल्या कामाचे? मिस्त्री म्हणाले, त्याच कामाचे. माणसानं चष्म्यावरून आम्हा दोघांकडं पाहिलं आणि रजिस्टरमध्ये लिहून घेतलं. सरकारी पत्र मिस्त्रींच्या ठोकळ्यांबरोबर आलं होतं, त्यामुळं सरकारी आकडा नऊ झाला. माझे पंधरा वेगळ्या कागदावर, 'खासगी' म्हणून.

परतीच्या वाटेवर मिस्त्रींनी विषय काढला. म्हणाले, ताई, तुमचे आकडे आपल्या रिपोर्टात घालता आले असते तर. मी म्हणाले, ते तर खरे आकडे आहेत, पण घातले तर ती खोटी नोंद होईल.  खरं सांगायला फसवणूक करावी लागणार, असा प्रसंग डिप्लोमाच्या अभ्यासात कुठंच नव्हता.

नऊचा आकडा जेई साहेबांकडं पोचला. जेई म्हणजे सरकारी खात्याचे कनिष्ठ अभियंता. तब्येतीनं सौम्य आणि स्वभावानं पत्रं लिहिणारे. त्यांनी त्याच दिवशी पत्र काढलं: स्लॅबखालचे टेकू काढू नयेत, पुढचं काम थांबवावं, अठ्ठावीस दिवसांच्या निकालापर्यंत वाट पाहावी. तोंडी एवढंच सांगितलं की सात दिवसांवर नऊ असेल तर अठ्ठावीसला पंचवीस व्हायला देव लागेल. तेव्हा निकाल तसाच आला तर स्लॅब पाडावा लागेल.

मालकांचा पारा चढला तो पाडण्याच्या शब्दानं कमी आणि तारखेच्या शब्दानं जास्त. उद्घाटनाची तारीख ठरली होती. फ्लेक्स छापून आले होते. त्यावर मालकांचा ठोकळ्यावर हात ठेवलेला फोटो होता. त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं: जेई, मिस्त्री आणि मला.

आधी मालकांनी लॅबचं यंत्र बिघडलंय असं सुचवलं. जेई म्हणाले, यंत्राची तपासणी दरवर्षी होते. मग मालकांनी एप्रिलच्या उन्हावर बोट ठेवलं. जेईंनी ते लिहून घेतलं. मग मालकांनी सिमेंट कंपनीला दोष दिला. तेही जेईंनी लिहून घेतलं. त्यांची वही भरत चालली होती आणि स्लॅब पाडायचा धोका जसाच्या तसा होता.

शेवटी मिस्त्री उभे राहिले.

"साहेब, ते ठोकळे स्लॅबातले न्हाईत."

जेईंचं पेन थांबलं. मालकांनी मिस्त्रींकडं असं पाहिलं की मीच खाली बघितलं.

"म्हणजे काय?" जेई म्हणाले.

"माल येगळा केल्ता. त्यात सिमेंट जास्त हाय."

"जास्त सिमेंट घालून नऊ?"

 ठोकळ्यांबद्दल मिस्त्रींनी साहेबांना पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं, आणि ते इतकं अविश्वसनीय होतं की कागदावर लिहिता येत नव्हतं. मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. स्लॅब वाचवायचा तर आपल्या माणसानं बनावट ठोकळे केले, असं त्यांना मान्य करावं लागणार होतं. ठोकळे खरे म्हणायचे तर स्लॅब पाडावा लागणार. पुढाऱ्याला एवढ्या वर्षांत दोन्ही बाजूंनी बोलायची सवय झालेली असते. पण इथं दोन्ही बाजू त्यांच्याच अंगावर येत होत्या.

 नोकरी जाईल, हे कळत होतं. तरी मी सांगितलं. माझे सहा ठोकळे, स्लॅबमधलाच माल, तीन थर, पस्तीस ठोके, फोटो. त्यातले तीन फुटले ते पंधरा-साडेपंधराला. तीन अजून घरी हौदात आहेत.

मालकांनी विचारलं, "कुणाला विचारून केले?"

मी म्हणाले, कुणालाच नाही.

जेईंनी माझा मोबाइल मागितला. एकेक फोटो मोठा करून बघितला. मिक्सरची घाणी, घमेलं, तेल लावलेले साचे, मागं त्यांनी स्वतः पाहिलेला टेकूचा खांब, कोपऱ्यात वेळ.  मग वहीत लिहिलं. जेई काही शूर नव्हते, पण शूर नसलेल्या माणसाचा फायदा असा की तो सगळं लिहून ठेवतो. त्यांनी ठरवलं: टेकू राहतील, पाणी मारणं चालू राहील, दोन्हीकडचे उरलेले तीन-तीन ठोकळे अठ्ठावीसला फुटतील. तेव्हाही दोन निकाल वेगळे आले तर स्लॅबमधून गोल नळीनं काँक्रीटचे तुकडे काढून तेच तपासायचे. मग स्लॅबला स्वतःच बोलता येईल.

उद्घाटन मात्र मालकांनी पुढं ढकललं नाही. फ्लेक्सवरची तारीख बदलता येत नव्हती. जेईंनी आत कुणी जायचं नाही असं बजावलं, आणि कार्यक्रम बाहेर मंडपात झाला. पण अंगणवाडीचं दार उघडं ठेवायचं, मागं दिसायला हवी, असं मालकांना हवं होतं. म्हणून आतल्या टेकूंना, ते वाशांचे वीस-पंचवीस खांब होते, मंडपवाल्यानं पिवळं-केशरी कापड गुंडाळलं आणि झेंडूच्या माळा सोडल्या. बाहेरून बघणाऱ्याला आत जणू देवळाचा सभामंडप दिसायचा. एक पाहुणे भाषणात म्हणाले की एवढ्या लहान अंगणवाडीत इतके भक्कम खांब त्यांनी कुठंच पाहिले नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री माझ्या शेजारी उभे होते. त्यांचा चेहरा हललाही नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही परत बीडला गेलो, या वेळी जेईही बरोबर होते. मिस्त्रींचे तीन ठोकळे बारा-साडेबारापर्यंत गेले. शेडमधल्या उन्हात त्यांनी तेवढं केलं हेच विशेष. माझे तीन पाण्यातून काढून पुसून ठेवले. पहिला अठ्ठावीस पार करून गेला. दुसरा एकोणतीसच्या वर. तिसरा साडेतीसला फुटला तेव्हा आवाज इतका कडक आला की जेई मागं सरले. सरासरी एकोणतीसच्या पुढं. पंचवीसला ते पुरून उरत होतं. राखेचं सिमेंट सावकाश चढतं म्हणतात ते असं.

लॅबमधल्या माणसानं मला काही अभिनंदन वगैरे केलं नाही. फक्त विचारलं, हे कुठं ठेवले होते? मी म्हणाले, मेंढरांच्या हौदात. त्यानं रजिस्टरमध्ये 'पाण्यात' असं लिहिलं.

तरी सरकारी आकडा बाराच होता, म्हणून ठरल्याप्रमाणं स्लॅबमधून तीन गोल तुकडे काढले. त्या तुकड्यांची नियमाप्रमाणं सरासरी पंचवीसच्या पंच्याऐंशी टक्के यावी लागते आणि एकही तुकडा पंचाहत्तर टक्क्यांखाली जाऊ नये. आमचे तिन्ही तुकडे त्याच्या बरेच वर भरले. स्लॅब पास झाला. चांगल्या स्लॅबला तीन भोकं पडली ती फक्त वाईट ठोकळ्यांमुळं. मिस्त्रींनी ती स्वतः भरली. कुणाला हात लावू दिला नाही. मला म्हणाले, "लई वाईट वाटलं ताई. माझ्याच स्लॅबाला."

त्यांना मी त्या दिवशी पहिल्यांदा खरं दुःखी झालेलं पाहिलं. नऊ आले तेव्हा लाज वाटली होती. आता दुःख होतं. दोन्हीत फरक आहे.

टेकू निघाले, मुलं आत बसायला लागली. मग एक दिवस मालकांनी मला शेडमध्ये बोलावलं आणि दोन कागद पुढं केले. पहिला त्यांच्या सगळ्या साइटसाठी आदेश होता. इथून पुढं सगळे ठोकळे स्लॅबच्या मालातूनच घ्यावेत. कारणही त्यांनी स्वतः सांगितलं: स्लॅबचा माल ठोकळ्याच्या मालापेक्षा भारी निघतोय, मग वेगळं कशाला करायचं. प्रामाणिकपणाचा फायदा त्यांना अखेर आकड्यांत दिसला होता आणि आकड्यावर त्यांचा विश्वास होता. दुसरा कागद माझ्यासाठी होता. वरिष्ठांची परवानगी न घेता ठोकळे तयार केल्याबद्दल ताकीद. खाली त्यांची सही, पेनाची शाई जरा पसरलेली.

मी त्यावर पोच लिहून दिली. राग आला का, असं आजही मला कुणी विचारतं. आला होता. बसस्टँडपर्यंत चालत जाताना डोळ्यांत पाणीही आलं. घरी वडिलांना कागद दाखवला. त्यांना तो वाचता येत नव्हता, म्हणून मी वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, की आता हौद मोकळा करायचा ना? मेंढरांची आबाळ होतीय.

दोन वर्षांनी मी परळीकडं एका पुलाच्या कामावरच्या नोकरीसाठी मुलाखतीला गेले. मुलाखत घेणारे इंजिनिअर जुन्या पिढीचे होते. त्यांनी माझी फाइल चाळताना ती ताकीद वर निघाली, मी ती लपवायला विसरले होते. त्यांनी ती दोनदा वाचली. मग खाली ठेवली आणि मला कुठल्या तारखेपासून येता येईल, एवढंच विचारलं.